आत्याची खाट गोठ्यात

धानोऱ्याजवळ आत्याला भेटायला गेले, तर तिची खाट गोठ्यात, बैलांशेजारी. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स, पुष्कळ काही पाहिलेली. तरी हे बघून डोकंच फिरलं. आतेभावाला मी नाही नाही ते बोलले.

"त्याच्यावर काऊन चिडतं?" आत्या म्हणाली. "मीच खाट इथी टाकायले लावली. लघवी थांबत नाई मले. घरात वास येते."

तिचं लुगडं बाजूला केलं आणि मी हबकलेच. आत जुन्या धोतराच्या फडक्यात चुलीची राख बांधलेली. आमच्याकडे भांड्यांना राख, दातांना राख. ओल शोषते म्हणून तिनं ती इथंही लावली. पण भिजलेल्या राखेचा खार कातडी जाळतो. मांड्या लालभडक, मध्ये मध्ये सोललेल्या. वर पाणी पिणंच सोडलेलं, तेही भर उन्हाळ्यात! रोगापेक्षा औषध भयंकर, ते हेच.

"खोकताना, शिंकताना सुटते काय?"

"नाई. लागली का दमच निघत नाई. उठेस्तोवर लुगडं ओलं."

म्हणजे खालचे स्नायू सैल पडून खोकल्यासरशी गळते, तसली ही नव्हे. दवाखान्यात नेलं. लघवीत जंतू नव्हता, आणि सोनोग्राफीत पिशवी नीट रिकामी होत होती, म्हणजे तुंबून थेंब थेंब गळणारीही नव्हे. ही घाईची लघवी. त्यात गुडघे धरलेले, संडास अंगणापल्याड. पाणी तोडल्यानं लघवी दाट होऊन पिशवीला जास्तच टोचत होती.

डॉक्टरांनी सांगितलं तसं मी वहिनीला शिकवलं. दिवसभर पाणी द्यायचं, चहा कमी. लागायची वाट न पाहता ठरल्या वेळी न्यायचं. जमलं की मधलं अंतर हळूहळू वाढवायचं. मध्येच घाई झाली तर पळायचं नाही. बसून खालचे स्नायू आवळायचे, कळ ओसरू द्यायची, मग चालायचं. राख बंद, पावडर बंद. ओलं झालं की लगेच बदलायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, न घासता टिपायचं आणि मलमाचा पातळ थर लावायचा. खाटेजवळ खाली लघवीचं भांडं बसवलेली खुर्चीही ठेवली.

पावसाळ्यात पुन्हा गेले. कातडी भरून आलेली, लुगडं क्वचितच ओलं. खाट मात्र गोठ्यातच! माझा पारा चढला.

"आम्ही बलावून थकलो," वहिनी म्हणाली. "येतच नाईत."

"अन् घरात एखादवेळी झालं तर?" आत्यानं विचारलं.

वहिनी खाटेवर टेकली. "झालं तर धुऊन टाकू, आई. त्यात काय हाय?"

 आत्या तोंडाला पदर लावून हुंदके देत म्हणाली, "मंग हे आधीच काऊन नाई बोलली वं बाई?"