कॅमेऱ्याशेजारची दोन छिद्रे

रिसोडला आमच्या शेजारी भांड्यांचे दुकान आहे. दुकानदाराची मुलगी गणितात पदवीधर झाली आणि तिने ऑनलाइन शिकवणीच्या नोकरीसाठी अर्ज केला. पहिल्या मुलाखतीत परीक्षकांनी सांगितले की चेहरा धुक्यात दिसतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. नमुना पाठ दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घ्या, मात्र ही शेवटची संधी. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच माझ्याकडे आली. मी निवृत्त शिक्षक. ऑनलाइन वर्ग काही वर्षे घेतले आहेत.

मी दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो. तिथे सर्वांचा संशय नेटवर्कवर होता. वडील तर वाशीमहून नवा कॅमेरा आणायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. निदानाआधी औषध आणू नये, हे मी वर्गातही सांगत असे.

प्रथम तिला लॅपटॉपवरच आपला आवाज ध्वनिमुद्रित करायला लावला. यात नेटवर्कचा संबंधच येत नाही, तरीही आवाज दबलेला आला. त्याच जागी बसून मोबाइलवर केलेले मुद्रण मात्र स्वच्छ होते. म्हणजे दोष खोलीचा नव्हता, तिच्या आवाजाचाही नव्हता.

मग मी लॅपटॉपचा पडदा उजेडाकडे तिरपा धरला. पडद्यावर, भोवतीच्या काळ्या पट्टीसकट, पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेले होते. त्याखाली कॅमेरा झाकला गेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मायक्रोफोनची बारीक छिद्रेही.

वडिलांनी ते स्वतः मापून लावले होते. त्यांच्या दुकानातली कढईसुद्धा वेष्टनासह विकली जाते.

"मास्तर, काढलं तं नवी वस्तू जुनी होऊन जाते ना," ते म्हणाले.

"अब्बा, नोकरी मले पाह्यजे का लॅपटॉपले?" मुलगी म्हणाली.

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग त्यांनी नखाने कोपरा उचलला आणि प्लास्टिक सावकाश सोलून काढले. कॅमेऱ्याची काच मऊ फडक्याने पुसली. पुन्हा मुद्रण केले तेव्हा तिचे 'श' आणि 'स' वेगळे ऐकू आले.

मग मी माझ्या घरून तिला व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तेव्हा आणखी एक दोष कळला. लॅपटॉपच्या स्पीकरमधून आलेला माझा आवाज तिचाच मायक्रोफोन उचलत होता, त्यामुळे माझे शब्द मलाच परत ऐकू येत होते. वायरचा इअरफोन लावला आणि तो प्रतिध्वनी थांबला. खिडकी पाठीमागे होती म्हणून चेहरा काळवंडत होता. टेबल फिरवून ती समोर घेतली.

दुपारी ती त्रिकोणाचे क्षेत्रफळ शिकवत असताना वडील दुकानात ग्राहकांना हळू बोलायला सांगत होते. पाठ संपला. परीक्षकांनी आवाजाविषयी एक शब्दही काढला नाही; त्यांनी थेट विचारले की शिरोबिंदूतून टाकलेला लंब त्रिकोणाच्या बाहेर पडला तर काय कराल. तिने पायाची रेषा वाढवून दाखवली आणि त्यांनी तिला सोमवारचा पहिला वर्ग दिला.