आकाराचा कॉलम उजवीकडे

माझी मुलगी आणि मी एकाच कंपनीत होतो. ती वर ऑफिसात, मी खाली शेडमध्ये कोळंबी सोलायला. ती बी.कॉम. झालेली, मी चौथी पास. जेवायच्या सुट्टीत ती खाली यायची आणि माझ्या शेजारी बसून डबा खायची. बायका म्हणायच्या, हिला एसीत सर्दी होते म्हणून आपल्यात येते.

कंपनी मासळी परदेशी पाठवायची. रोज संध्याकाळी खरेदीदाराला मेल जायचा, की आज कुठल्या आकाराची कोळंबी किती खोकी भरली आणि कुठल्या कंटेनरात गेली. वेगळी जोडलेली फाईल तो उघडत नसे, त्याला व्हायरसची भीती होती. त्यामुळे एक्सेलमधला तक्ता मेलच्या मजकुरातच चिकटवायला लागायचा. आधीच्या मुलीने चिकटवला की सगळे आकडे घसरायचे, रेघा नाहीशा व्हायच्या आणि खोक्यांचा आकडा कंटेनरखाली जायचा. खरेदीदार फोन करून शेटना बोलायचा, शेट त्या मुलीला बोलायचे. माझ्या मुलीने ते आठवडाभरात सरळ केलं आणि शेटनी ते काम तिच्याकडे दिलं ते कायमचं.

मी एकदा विचारलं, तू असं केलंस तरी काय. तिने मला खुर्चीत बसवून दाखवलं. मेल साध्या अक्षरांचा ठेवला तर त्यात तक्ता राहत नाही, नुसते आकडे एकापुढे एक पडतात. म्हणून तो आधी एचटीएमएल करायचा. मग तक्त्याला बॉर्डर द्यायची.

मी म्हटलं, "रेघा तर दिसतायत की."

"त्या एक्सेलच्या, आये. आपल्याला लिहायला सोपं पडावं म्हणून. मेलमध्ये त्या जात नाहीत. आपण मारलेल्या रेघाच जातात."

कॉलम अरुंद राहिला तर आकड्याच्या जागी कुंपणासारखी चिन्हं येतात, आणि चिकटवल्यावर तीच जातात. म्हणून रुंदी आधीच नीट करायची. मग डावीकडच्या वरच्या घरापासून उजवीकडच्या खालच्या घरापर्यंत माऊस ओढायचा, कॉपी करायचं, मेलमध्ये येऊन पेस्ट. तक्ता एक्सेलमध्ये होता तसा मेलमध्ये उतरला. मला कौतुक वाटलं. ते मी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. मुंबईला नेलं. डोक्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन करून थोडी काढली, सगळी निघणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तिला घरी घेऊन आलो. तिने एकच धरलं होतं, की काम सोडणार नाही. ठरलेलं लग्न मोडलं त्यावर ती काही बोलली नव्हती. नोकरीचं मात्र रोज बोलायची. शेट माणूस बरा. त्यांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आमच्या ओटीवर आणून बसवला. संध्याकाळी शेडमधून फोनवर आकडे सांगायचे, ती लिहून घ्यायची, मग फोन ठेवून त्याच लाईनवर नेट जोडायची आणि मेल पाठवायची. मी कामाचे तास कमी करून घेतले. पाच वाजता तिचा चेहरा बदलायचा. दिवसभर पडून असलेली मुलगी केस विंचरून खुर्चीत बसायची.

याच दिवसांत ती जेवताना मीठ मागायला लागली. मीठ आपण ताटात डावीकडे वाढतो, लिंबाची फोड आणि चटणीही तिकडेच. मी वाढलेलं असायचं, तरी ती म्हणायची, आये, मीठ वाढलं नाहीस. मी चिडायचे. डोळे आहेत ना तुला, म्हणायचे. भातही अर्धा टाकायची. मला वाटलं तोंडाची चव गेली.

मग शेटनी मला वर बोलावलं. मी शेडमधल्याच कपड्यांत गेले. त्यांनी दोन मेल छापून ठेवले होते.

"मावशी, बघा. रेघा बरोबर, रुंदी बरोबर. पहिला कॉलमच नाही."

आकाराचा कॉलम गेला होता. खोकी होती, कंटेनर होता, पण कसली खोकी ते नव्हतं. खरेदीदाराने दोनदा विचारलं होतं. शेट म्हणाले, तिला फोन केला तर ती म्हणते पूर्ण पाठवलाय, स्क्रीनवर दिसतोय. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी कागद बघत उभी राहिले. मला तिचं ताट दिसलं. उजवीकडचा भात संपलेला, डावीकडचा तसाच, आणि त्याच्या पलीकडे मीठ.

मी शेटना सांगितलं, तिला डावीकडचं दिसत नाही. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, आता हे काम दुसऱ्या मुलीला द्यायला लागेल. मी म्हटलं, द्या, पण आधी एक करून बघा. आकाराचा कॉलम उजव्या टोकाला घ्यायला सांगा, त्याच्या जागी नुसता अनुक्रमांक. खरेदीदाराला तसा हवाय म्हणून सांगा.

त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन केला. घरी आले तर ती मलाच सांगायला लागली, "खरेदीदाराची काय एकेक थेरं. आकार म्हणे शेवटी हवा." बऱ्याच दिवसांनी हसली. त्या दिवसापासून मी मीठ उजवीकडे वाढलं. तिने मीठ मागितलं नाही आणि मी कुठे वाढलंय तेही विचारलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, गाठ वाढतेय.

काही दिवस तक्त्यातलं कामाचं सगळं पोचलं, कारण डावीकडे आता नुसता अनुक्रमांक होता आणि तो सुटल्याने कुणाचं अडत नव्हतं. मग खोक्यांचा कॉलमही सुटायला लागला. ती माऊस ओढायची तो मधूनच कुठून तरी. मी मागे उभी असायचे. एकदा तिच्या हातावर हात ठेवून माऊस डावीकडे सरकवायला गेले.

तिने हात काढून घेतला. "तिकडे काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही.

शेटनी ऑफिसातल्या मुलीकडून खरा तक्ता पाठवायला सुरुवात केली. आमच्या घरचा मेल फक्त ऑफिसात जायचा. खरेदीदाराचा पत्ता बदललाय असं तिला सांगितलं होतं. तिकडून रोज "मिळाला" एवढं उत्तर यायचं आणि ते वाचल्याशिवाय ती उठत नसे. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. शेवटी शेवटी एकदा म्हणाली, "खरेदीदार हल्ली भांडत नाही गो." मी चहा ठेवायला आत गेले.

शेवटचा मेल गेला त्यात एकच कॉलम होता. नुसते आकार, एकाखाली एक. चारी बाजूंनी रेघा होत्या. रुंदी नीट होती, एकही आकडा कापला गेला नव्हता. त्यानंतर तिला खुर्चीत बसवता आलं नाही.

ती गेल्यावर कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन कॉम्प्युटर न्यायला आला. मी तारा काढून गुंडाळून ठेवल्या होत्या.

मी पुढे काही वर्षं शेडमध्ये होते. रोजच्या तक्त्याचा छापील कागद शीतगृहाच्या दाराशी लावलेला असायचा. ऑफिसात दोन-तीन मुली बदलल्या. एक नवीन आलेली माझ्याजवळ उभी राहून तो कागद वाचत होती. म्हणाली, मावशी, सगळीकडे आकार आधी लिहितात, इथे शेवटी का?

मी म्हटलं, खरेदीदाराला तसा लागतो.