आईच्या प्रोफाइलच्या पाच ओळी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मराठी घरात बोलतो, पण शाळा तमिळ-इंग्रजीत झाली, त्यामुळे वाक्यं लिहिताना अजून अडखळतो. तरी ही गोष्ट माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही, कारण ज्या कागदाची ही गोष्ट आहे तो मी टाइप केला होता.

माझे वडील चेन्नईच्या साहुकारपेटेत गलाईचं काम करतात, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं. आमच्या सांगलीकडच्या गावांतली कितीतरी माणसं याच कामासाठी देशभर पांगली आहेत. आई दहावी पास. मी चौथीत असताना तिने विम्याच्या एजंटची परीक्षा दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. कंपनीने नेमणूकपत्र दिलं, ओळखपत्र दिलं. आमच्या घरात त्या सगळ्याला मिळून ‘लायसन’ म्हणतात. तेव्हापासून दहा वर्षं ती गल्लीतल्या गलाईवाल्यांच्या पॉलिसी करत आली. हप्ता कधी भरायचा, वारस कोण लावलाय, हे तिला त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असे.

मग गल्ली ओसरायला लागली. कुणी कोइंबतूरला गेलं, कुणाची मुलं गावी परतली. नवीन पॉलिसी येईनात. एजंटला वर्षभरात ठरावीक नवीन पॉलिसी आणाव्या लागतात, नाहीतर एजन्सी बंद होते. त्या वर्षी आई बरीच मागे होती. एग्मोरच्या शाखेत तिच्यावर नेमलेले डेव्हलपमेंट ऑफिसर आहेत, तमिळ, मनाने चांगले. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, “अम्मा, मार्चपर्यंत नाही झालं तर माझ्या हातात काही नाही.”

घरी आल्यावर आई नेहमीसारखी भाकऱ्या थापायला बसली. वडील म्हणाले, “गेली तर गेली एजन्सी. मी हाय की.”

“तुम्ही हाय, ते ठावं हाय मला,” आई म्हणाली. “पर त्या लायसनवर माझं नाव हाय.”

मी ताटातलं खात राहिलो, पण चव लागली नाही.

वाट निघाली ती वेलचेरीकडून. तिथल्या एका मोठ्या सोसायटीत पुण्या-नाशिकची बरीच मंडळी राहतात, आयटीतली. त्यांतल्या एका ताईची पॉलिसी आईने केली होती. तिने सांगितलं की सोसायटीची समिती आता विम्याच्या चौकशीसाठी एकाच सल्लागाराला क्लबहाउसमध्ये दर रविवारी बसू देणार आहे. प्रत्येकाने आपलं प्रोफाइल द्यायचं. समिती बघून ठरवेल. तिथेच राहणारा एक तरुण सल्लागारही शर्यतीत होता.

“प्रोफाइल म्हंजे बायोडेटाच ना?” आईने विचारलं.

“तसंच.”

“मग लिही. तू कॉलेजात हायस.”

मी नमुने शोधले. फोनवर सापडलेली सल्लागारांची प्रोफाइलं डोळे दिपवणारी होती: पैसे दुप्पट, हमखास परतावा, शहरातला नंबर एक. मी लाजतच आईला वाचून दाखवली. ती ऐकता ऐकता मान हलवत होती.

“यातलं माझ्या हातात काय हाय?”

“म्हणजे?”

“बोनस कंपनी दर वर्षी ठरवते. बाजाराचं बाजार ठरवतो. मी कोण सांगणार दुप्पट म्हणून? ज्या प्लॅनमध्ये पक्कं मिळतं, ते पॉलिसीच्या कागदावर छापलेलं असतं. माझ्या तोंडून त्याला हमी कशाला?”

मग तिने एक आठवण सांगितली. ती नवीन असताना गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला दुसऱ्या एजंटने कॅलेंडरच्या मागे शेवटी मिळणारी रक्कम लिहून दिली होती. मुदत संपल्यावर तेवढं आलं नाही. एजंट कधीच शहर सोडून गेला होता. म्हातारा कॅलेंडर काखेत मारून शाखेत गेला, आणि खिडकीवरच्या माणसाने ते हातातही घेतलं नाही. “रडला न्हाई तो,” आई म्हणाली. “नुसता परत घरी आला, आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.”

वडील कॉटवर पडून ऐकत होते. म्हणाले, “आमच्याकडं बी तसंच. गिऱ्हाईक सोनं आणतं, मी टंच काढून देतो, सोनं किती चोख ते सांगतो. उद्या भाव काय राहील ते सांगायला लागलो तर लोकं दुकान फोडतील.”

“तुमचं दुकान फोडायला काय हाय त्यात?” आई म्हणाली. “एक भट्टी आणि एक तुम्ही.”

त्या रात्री जेवणानंतर आम्ही लिहायला बसलो. झाल्या पाच ओळी. नाव. कंपनीचं नाव आणि एजन्सीचा क्रमांक, नेमणूक चालू असल्याचं. दहा वर्षांचा अनुभव, मुख्यतः आयुर्विमा. मराठी, तमिळ, हिंदी बोलते. पॉलिसी समजावून सांगणं, हप्त्यांची आठवण, वारसबदल आणि दाव्याच्या कागदांना मदत. पाचवी ओळ मला फार कोरडी वाटली, म्हणून तिच्याखाली मी माझी एक ओळ जोडली: ‘तुमच्या कुटुंबाचं भविष्य सुरक्षित करणारी आर्थिक नियोजनकार.’ सगळं इंग्रजीत टाइप केलं, आणि त्यात ती ओळ आणखी छान दिसत होती.

ऑफिसर साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अम्मा, हे प्रोफाइल आहे की रेशन कार्ड? निदान ‘चांगला परतावा’ तरी लिहा. आणि अनुभव पंधरा करा, कोण मोजतंय?”

“सर, तुम्हीच वर पाठवणार ना मंजुरीला?” आईने तमिळमध्ये विचारलं. एजंटला स्वतःची जाहिरात कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय कुठे लावता येत नाही, आणि हेही जाहिरातीतच मोडतं. “वरच्यांनी विचारलं तर पाच वर्षं कुठून आणू?”

साहेब हसले. “सरि, सरि,” म्हणजे बरं बरं, असं म्हणत त्यांनी तो कागद जसाच्या तसा पाठवला.

मंजुरी आली, पण एक ओळ खोडून. माझीच. भविष्य सुरक्षित करण्याचं आश्वासन एजंटने देऊ नये, आणि आर्थिक नियोजनकार म्हणवून घेण्याची तिची नेमणूक नाही, असा शेरा होता. बाकी पाच ओळी पास. माझे कान तापले. आईने मंजुरीचा क्रमांक खाली लिहून घेतला आणि म्हणाली, “बघ, वरच्यांनी तुझं कॉलेज तेवढं काढलं.” वडील उशीत तोंड घालून हसत होते.

रविवारी समितीने दोन्ही सल्लागारांना बोलावलं होतं, मी आईबरोबर गेलो. क्लबहाउसच्या दाराशी त्या तरुण सल्लागाराचा रंगीत बॅनर उभा होता. त्यावर वर जाणारा बाण आणि ‘खात्रीशीर परतावा’. आमचा एक पांढरा कागद. समितीचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही प्रोफाइलं भिंतीवर शेजारी शेजारी लावली आणि रहिवाशांना म्हणाले, विचारा काय विचारायचं ते.

पुण्याचा एक मुलगा आईसमोर येऊन उभा राहिला. “काकू, मला किती परतावा मिळेल, तेवढं सांगा.”

“ते मला नाही सांगता येणार.”

“मग तुमच्याकडून घ्यायचं कशाला?”

मागे दोन-तीन जण हसले. माझी नजर जमिनीला खिळली. आईने मात्र खुर्ची पुढे सरकवली.

“घ्याच, असं कुठं म्हटलं मी? बसा की. घरात एखादी पॉलिसी असेल ना, ती आणा. काय घेतलंय ते तरी बघू.”

तो खरंच वर घरी जाऊन पॉलिसी घेऊन आला. पॉलिसी नवी कोरी, नुकतीच हातात पडलेली, शेजारच्या बॅनरवाल्याकडूनच घेतलेली. आईने चष्मा लावला आणि त्याच्यासमोर लाभाचा तक्ता उघडला, ज्यात पुढे काय मिळू शकतं ते दोन वेगवेगळ्या गृहीत दरांनी मांडलेलं असतं.

“हा आकडा बघून घेतली?”

“हो. एवढे मिळणार म्हणाला तो.”

“खालची बारीक ओळ वाचा. मोठ्याने वाचा.”

तो वाचू लागला: हे दर केवळ गृहीत धरलेले आहेत, त्यांची हमी नाही. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. त्याने बॅनरकडे पाहिलं. तरुण सल्लागार पुढे आला. “अहो, ते सगळ्यांच्याच कागदावर असतं. फॉर्मॅलिटी असते.”

“असतं ना सगळ्यांच्या,” आई म्हणाली. “म्हणून तर आपण तोंडाने वेगळं सांगू नये.” मग मुलाकडे वळून म्हणाली, “पॉलिसी वाईट नाही हो. दीर्घ मुदतीसाठी ठेवणार असाल तर ठेवा. पण ठरीव मिळणार म्हणून घेतली असेल, तर कागद हातात आल्यापासून परत करायची मुदत असते, ती अजून आहे. कंपनीला लेखी कळवा. थोडी कपात होऊन पैसे परत येतात.”

“आणि तुमच्याकडून दुसरी घेऊ?”

“आधी ठरवा तर पैसे कशाला हवेत ते.”

आता कुणी हसत नव्हतं. एक बाई उठून घरी गेल्या आणि फाइल घेऊन आल्या. मग आणखी एक जण. आमच्या टेबलाशी रांग लागली. बहुतेकांना काही विकत घ्यायचं नव्हतं. स्वतःकडे काय आहे ते फक्त समजून घ्यायचं होतं. दुपारचं जेवण राहिलं. कुणीतरी आईला फिल्टर कॉफी आणून दिली, ती तशीच निवली.

शेवटी सचिवांनी तरुण सल्लागाराला बॅनरच्या मंजुरीचा क्रमांक विचारला. तो म्हणाला, नंतर पाठवतो. सचिवांनी आमचा कागद भिंतीवरून काढून आईसमोर धरला. तमिळमध्ये म्हणाले, “तुमच्या एजन्सीचा क्रमांक मी काल कंपनीच्या साइटवर घालून पाहिला. सापडला. मंजुरीचा क्रमांक कंपनीला विचारला. बरोबर निघाला. या कागदावर मला तपासता आलं नाही असं एकही वाक्य नाही. समितीपुढे ठेवतो.”

परतताना आम्ही शेअर ऑटोत बसलो. मी म्हणालो, “आई, जिंकलीस तू.”

“मार्च संपू दे आधी,” ती म्हणाली.

समितीने तिलाच निवडलं. त्यानंतरच्या रविवारांना ती एकटीच जायची. माझ्या परीक्षा होत्या. तो पुण्याचा मुलगा सगळ्यात आधी आला, साधा मुदतीचा विमा घेऊन गेला, आणि पुढच्या वेळी दोन मित्रांना घेऊन आला. तरीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थोड्या पॉलिसी कमीच होत्या, आणि ती तूट भरून काढतील असे अर्ज वैद्यकीय तपासणीसाठी अडकले होते. ते वेळेत पास होतील की नाही हे एग्मोरलाही कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवशी माझा कॉस्टिंगचा पेपर होता. बाहेर येऊन फोन चालू केला तर आईचा आवाजी संदेश आलेला. पाठीमागे शाखेतली गडबड, टाइपिंगचा खडखडाट, आणि साहेब कुणाला तरी ओरडून सांगत होते की अम्माला आधी पाणी द्या. मग आई, धापा टाकत:

“अर्ज पास झाले रे सगळे. एजन्सी राहिली. तुझ्या बापाला सांगितलंय, पण त्यांचा विश्वास बसंना, तू एकदा फोन कर.”