एकोणसाठ की एकोणसत्तर?

अंधेरीच्या भर बाजारात, लाउडस्पीकरवरून, मी एकोणसाठला एकोणसत्तर म्हणाले. आता नातवंडं हसतात, हसू देत. मराठीतले हे ‘एकोण’वाले आकडे कोणाला बरोबर येतात? पण ते न येणाऱ्या बाईने माईक मागून घ्यायचा नसतो, आणि मी तर तो जवळजवळ हिसकावला होता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात काउंटरला होते. दिवाळीत खरेदीवर कूपन फुकट असायचं: अर्धं डब्यात, अर्धं गिऱ्हाईकाच्या हातात, दोन्हींवर एकच नंबर. पहिलं बक्षीस मिक्सर, बाकीची डबे आणि चमचे. नंबर नेहमी शेठ पुकारायचे, पण त्या वर्षी फराळ चाखून चाखून त्यांचा घसा बसला. मी म्हटलं, “शेठ, मी बोलते ना!” माझा आवाज रेडिओवाल्या बायकांसारखा आहे, असा माझा तेव्हा समज होता. घरात तो फक्त मलाच होता.

शेठ घोगऱ्या आवाजात, त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाले, “बेन, आधी दोन तुकडे जोडायचा, मग बक्षीस द्यायचा.”

मी कुठली ऐकतेय! दुकानासमोर हीऽऽ गर्दी. एका आजोबांनी डब्यातून चिठ्ठी काढली. मी ती बघितली, मान तिरकी केली, पदर सारखा केला आणि गळ्यात मध ओतून म्हणाले, “भाग्यवान नंबर आहे... एकोणसत्तर!”

“मी! मी!” वर्सोव्याची एक कोळीण गर्दी फाडत पुढे आली. तिच्या कूपनवर खरंच एकोणसत्तर होता. मी माझ्या हाताने मिक्सरचं खोकं तिच्या हातात दिलं, टाळ्या वाजवायला लावल्या, वर “वर्सोव्याच्या मावशी जिंकल्या हो!” असं ठणकावलं. तिने खोकं डोक्यावर घेतलं आणि निघाली.

मग मी बाहेरच्या फळ्यावर नंबर लिहायला खडू उचलला, चिठ्ठी पुन्हा बघितली. पाच. नऊ.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, लिहून टाकावं एकोणसत्तर. कोणाला कळतंय? पण शेठ पाठीमागूनच बघत होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, माईककडे बोट दाखवलं. “तू बोलली, तूच सांग.”

माझा मध आटला होता. “ओ मावशी, थांबा जरा! माझी चूक झाली. नंबर एकोणसाठ आहे. पाच आणि नऊ.”

मग काय, वाट लागली. “सेटिंग आहे!” कोणीतरी ओरडलं. कोणी म्हणालं, “ती बाई बघा, दुसरीचा मिक्सर घेऊन पळत होती!”

मावशी गर्रकन वळल्या. खोकं दाणकन काउंटरवर ठेवलं. “पळत होते? मी? हिनं हातात दिला तो! मना मिक्सर नको जा, पन चोर कोन बोलला?”

त्यांचा आवाज फाटला तेव्हा मला कळलं, मिक्सरपेक्षा मोठं काहीतरी मी त्यांच्या हातून काढून घेतलंय. उद्या याच बाजारात त्यांना मासळीची टोपली घेऊन बसायचं होतं.

शेठने चिठ्ठी गर्दीत फिरवली, ज्याला बघायची त्याने बघावी म्हणून. मी पुन्हा माईक धरला, या वेळी मान सरळ ठेवून. “मावशींनी काहीच खोटं केलं नाही. मी त्यांचा नंबर पुकारला, मीच मिक्सर दिला. तुकडे जोडून बघितले नाहीत, ती चूक माझी. मावशी, सगळ्यांसमोर माफी मागते.”

“मग त्यांनाही एक मिक्सर द्या!” मागून आवाज आला. शेठने नकारार्थी मान हलवली. एक दिला तर उद्या अख्खी अंधेरी ‘मलाही चुकून ऐकू आलं’ म्हणत येईल. बक्षीस चिठ्ठीचंच.

एकोणसाठवाली एका कोपऱ्यात मूल कडेवर घेऊन उभी होती. बिचारी पुढे येईना, तिथूनच म्हणाली, “आता नक्की ना? का थोड्या वेळाने एकोणऐंशी?” गर्दी हसली, मीही हसले. तिचा तुकडा चिठ्ठीला जोडला. फाटलेली कडसुद्धा बसली. मग पत्ता विचारून माईकवरच सांगितलं: मिक्सर उद्या सकाळी हातगाडीने घरपोच, गाडीभाडं दुकानाचं, चालवून दाखवल्याशिवाय सही घेणार नाही, डबे आणि चमचे जिंकणाऱ्यांनी कूपन दाखवून काउंटरवरून न्यावेत. पुढचे सगळे नंबर मी एकेक आकडा सुटा करून बोलले, बालवाडीत बोलतात तसे.

गर्दी पांगल्यावर मी मावशींजवळ गेले. तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, “मावशी, राग गेला का?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “म्हावरं घ्यायला माझ्याकडंच ये बाय. पन भाव मी सांगन, मोजीन पन मीच. तू तोंड उघडू नको.”