शिवणयंत्राच्या चॅनलवरची पुसलेली ओळ

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचं चॅनल त्यांच्या लेकीनं, म्हणजे ताईनं, उभं केलं होतं. बाबांच्या तेलकट बोटांवर कॅमेरा रोखून तिनं पहिला व्हिडिओ काढला, 'टाका सुटतोय? बॉबिन तपासा'. तेव्हा तो सतरा जणांनी पाहिला होता. पाच वर्षांत बघणारे लाखांत गेले. पासवर्ड बाबांचा, पण तो ताईला झोपेतही पाठ होता.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं. भावजय दुकानात बसू लागली. गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, यंत्र उघडायलाही शिकली. पासवर्ड तिच्या फोनवर गेला, भावाच्या फोनवर गेला, सबटायटल लिहून देणाऱ्या शेजारच्या निवृत्त बाईंकडेही गेला. एके दिवशी एकाच वेळी चौघं वेगवेगळीकडून आत शिरली आणि खातं दोन दिवस अडकून बसलं. ताईला तर दुसरंच खटकलं होतं: त्या पासवर्डनं बाबांचे मेलही उघडत होते.

"पुरे झालं," बाबा म्हणाले. त्यांनी पासवर्ड बदलला आणि चॅनलच्या परवानग्यांमधून प्रत्येकाच्या स्वतःच्या मेलवर आमंत्रण धाडलं. मालक स्वतः. भावाला नुसता 'दर्शक', म्हणजे सगळं बघायचं, हात कशालाच लावायचा नाही. बाईंना फक्त सबटायटल. भावजय 'व्यवस्थापक'. आणि ताई 'संपादक'.

ताईनं ते आमंत्रण स्वीकारलं खरं, पण मनातून ती धुमसत होती. संपादकाला व्हिडिओ चढवता येतो, नाव-वर्णन बदलता येतं. पण कोणाला आत घ्यायचं, कोणाला काढायचं, ते व्यवस्थापक ठरवणार. काल आलेली सून तिच्या वरची झाली होती!

पुढच्याच आठवड्यात भावजयीचा, ताईनंच रविवारी काढून जोडून दिलेला, 'कापड पुढे सरकत नाही?' हा व्हिडिओ तुफान चालला. खाली कौतुकाचा पाऊस. वर्णनात शेवटी तिनं लिहिलं होतं: 'आवाज आणि मांडणी: सूनबाई'. पाच वर्षांत ताईनं स्वतःचं नाव एकदाही घातलं नव्हतं. कुणी घालू नको म्हटलंही नव्हतं, हे मात्र तिला त्या क्षणी आठवलं नाही.

दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तिनं लॅपटॉप उघडला. हा व्हिडिओच उडवून टाकावा असं मनात आलं. पण तो एकदा प्रसिद्ध झालेला. संपादकाला तो काढून टाकता येत नाही. मग तिनं वर्णन उघडलं, ती एक ओळ पुसली आणि जतन करून टाकली. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "ताई, वर्णनातली ती ओळ गेलीये. चुकून झालं का कुणाकडून?"

"मला काय ठाऊक? पाचजण आहेत चॅनलवर."

"बदलता येतं असे तिघंच आहोत, ताई. ह्यांना नुसतं बघता येतं, बाईंना सबटायटलच्या पलीकडे जाता येत नाही. बाबा तर सकाळपासून माझ्यासमोर एका यंत्राची मोटर उघडून बसलेत. आणि मी तर स्वतःची ओळ पुसणार नाही."

पूर्वीसारखा एकच पासवर्ड असता तर पाचांपैकी कुणाचंही नाव घेता आलं असतं.

"बाबांना सांगितलंस?" ताईनं विचारलं.

"नाही. आधी तुम्हाला विचारलं."

त्या समजूतदारपणाचा ताईला आणखीच राग आला. ती तडक दुकानात गेली. भावजय आत चहा करत होती, बाबा शटलमधला दोरा चिमट्यानं ओढत होते.

"ती ओळ मी पुसली," ती उभ्यानंच म्हणाली. "तिला व्यवस्थापक केलंत, मला का नाही? चॅनल कुणी उभं केलं?"

बाबांनी चिमटा खाली ठेवला. "अगं, नव्या माणसाला आत घे, सोडून जाईल त्याला काढ, हे रोज दुकानात बसणाऱ्याचं काम. तू नोकरी करतेस, घर सांभाळतेस. तुझ्या कामाला जेवढं लागतं तेवढं दिलं. मान-अपमान मोजून नव्हतं दिलेलं." मग थांबून, थोडं ओशाळून म्हणाले, "पण आधी तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. करू का तुलाही?"

ताई कधीपासून हेच ऐकायला आसुसली होती. पण आता "हो" म्हणायला तिची जीभ रेटेना.

"नको," ती म्हणाली. "संपादक ठीक आहे."

भावजय चहाचे कप घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ताईनं तिच्यासमोरच फोनवर ती ओळ परत लिहिली. भावजय वाकून म्हणाली, "ताई, त्यात तुमचंही नाव घाला ना. छायाचित्रण आणि संकलन."

"घालीन," ताई म्हणाली. आणि खरंच घातलं, पण सूनबाईच्या ओळीच्या वर.