दुसऱ्याला देता न येणारं काम

हरलेल्या केसेस मी चटकन विसरतो, असं माझी बायको म्हणते. ही केस मी जिंकलो होतो, आणि तीच माझ्या मानगुटीवर बसली आहे.

मी भंडाऱ्यात वकिली करतो. मोहाडी तालुक्यात वैनगंगेकाठी एक गाव आहे. घाटावरचे रेतीचे टिप्पर त्या गावातूनच जातात आणि जिल्हा परिषदेची शाळा रस्त्याला अगदी खेटून. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी अर्जांवर अर्ज करून तहसीलदारांना गावात आणलं. तेही भले गृहस्थ. शाळेच्या ओट्यावर बसले, पोरं कशी येतात-जातात ते पाहिलं आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी टिप्पर बंद, असा आदेश काढला. टिप्परमालक चिडून माझ्याकडे आले.

आदेश वाचून मला तर हसूच आलं. मोटार वाहन कायद्यानं अशी बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलाय, किंवा सरकार ज्याला नेमेल त्याला. सरकारनं नेमलं जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांनी एका ओळीत सगळं खाली ढकललं: कोणता रस्ता, कोणती वेळ, हे तहसीलदारांनी योग्य वाटेल तसं ठरवावं. मिळालेला अधिकार असा पुढे देण्याची मुभा ना कायद्यात होती, ना सरकारच्या अधिसूचनेत.

नागपूरच्या खंडपीठापुढे मी दोन मुद्दे मांडले. पहिला जरा हावरटपणाचा होता. कायदा करण्याचं मूळ कामच संसदेनं सरकारच्या हाती सोपवलंय, म्हणून ते कलमच रद्द करा. न्यायमूर्तींनी तो तिथल्या तिथे झटकला. लोकांची सुरक्षितता, सोय, रस्त्यापुलाचं स्वरूप, एवढं धोरण संसदेनं स्वतः सांगितलंय. त्या चौकटीतला तपशील सरकारवर सोडता येतो, म्हणाले. दुसरा मुद्दा मात्र नेमका लागला. तहसीलदारांनी पाहणी करावी, शिफारस करावी, अंमलबजावणी करावी. पण ठरवायचं जिल्हाधिकाऱ्यांनीच. आदेश रद्द झाला.

तेवढ्यात सरकारी वकील उठले. निकालाचा अंमल थोडा थांबवा, बंदी तोवर चालू राहू द्या; जिल्हाधिकारी स्वतः विचार करून नवा आदेश काढतील. न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलं, "तुमची हरकत?" मी 'नाही' म्हणालो असतो तर माझं काही बिघडत नव्हतं. पण जिंकण्याची चटक वाईट. "अधिकारच नसलेल्यानं काढलेल्या आदेशाला मुदत कसली?" मी म्हणालो, आणि मुदत मिळाली नाही.

बाई मागच्या बाकावर होत्या. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "वकीलसाहेब, वेळा चुकल्या का आमच्या?"

"वेळा बरोबर आहेत हो. ठरवणारा चुकला. ज्याच्यावर विश्वास टाकून काम दिलं, त्यानंच ते करायचं असतं. दुसऱ्याला देता येत नाही."

"असं आहे होय," म्हणत त्यांनी शांतपणे मान हलवली.

नवा आदेश कलेक्टर कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. टिप्पर लगेच सुरू झाले. बाई सकाळ-संध्याकाळ स्वतः रस्त्यात उभ्या राहू लागल्या. हात आडवा करून टिप्पर थांबवायच्या, पोरं पार करायच्या. एका संध्याकाळी थांबलेल्या टिप्परच्या मागून आलेल्या दुसऱ्या टिप्परनं त्यांना धडक दिली. पोरं वाचली. बाईंच्या मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश निघाला. वेळा त्याच, अक्षरशः त्याच.

टिप्पर माझ्याच अशिलाचा होता. मला जेवण जाईना. सरकारी दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण पाय उचलेना. शेवटी ऑफिसातल्या मुन्शीच्या हाती फळं दिली. म्हटलं, "साहेबांना फार वाईट वाटलं म्हणून सांग."

मुन्शी पिशवीसकट परत आला.

"घेतली नाही?"

"नाही जी. बाई हासल्या थोड्या. म्हने, साहेबाले सांगजा, हे काम दुसऱ्याले देता येत नाही."

माझं तोंड काळंठिक्कर पडलं असणार, कारण मुन्शी लगेच पाणी आणायला गेला.

मी तसाच निघालो. वॉर्डात बाईंचा पाय वजनाला टांगलेला होता. वाटेत जुळवलेली वाक्यं मी सोडून दिली. पंचवीसेक माणसांच्या त्या खोलीत मी एवढंच म्हणालो, "बाई, मला त्या दिवशी हरकत घ्यायची गरज नव्हती."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी आमच्या शाळेतले मास्तर म्हनत होते, आज तुमी राहू द्या, आमी उभे राहतो. मीच नाही म्हटलं. पोरं मायबापानं माह्या भरवशावर धाडले होते."

मग त्यांनी उशाशी असलेलं स्टूल दाखवलं. मी बसलो. त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.