दरमहा अठ्ठावन्न हजार

माझे दाजी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाले तरी बसमधून खाली काही उतरले नाहीत. घरी पाहुणे आले की सोफ्यावर बसलेल्यांना ते "जरा आत सरका" म्हणत. पेन्सिल कायम कानामागे. मागच्या दारात उभं राहून एका नजरेत डोकी मोजायची हा त्यांचा हातखंडा. तपासनीस चढला की तिकिटं आणि डोकी जुळलीच पाहिजेत, आणि त्यांची एकदाही चुकली नाहीत. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते मी किमान तीनशे वेळा ऐकलंय.

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्यांना धंद्याचं वेड लागलं. वहीत अकरा कल्पना लिहिल्या. माझी ताई घरी कपडे दुरुस्त करून देते, तिनं ती वही शिलाई मशीनवर ठेवली आणि एकेक कल्पना उडवली. उधारीवर चालणारे धंदे गेले. दाजींना न झेपणारं ओझं उचलावं लागेल ते गेले. ज्यात गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं ते तर तिनं न वाचताच खोडले. उरली एकच: सरकारी कचेरीसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. तिथं एक गाळा रिकामा होता. अनामत आणि मशीन मिळून साडेचार लाख, म्हणजे फंडातलं जे काही शिल्लक होतं ते सगळं. गाळेवाल्याला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं.

सोमवारी दाजी कचेरीपाशी गेले. तिथं तसलंच एक दुकान दहा वर्षं चालू होतं. समोरच्या फुटपाथवर उभं राहून त्यांनी अकरा ते एक त्या दुकानात शिरणारी डोकी मोजली आणि संध्याकाळी वही घेऊन आमच्यासमोर बसले.

"दोन तासांत सत्तर," ते म्हणाले. "म्हणजे तासाला पस्तीस. दुकान दहा तास उघडं. रोजचे साडेतीनशे. तीस दिवसांचे साडेदहा हजार. माणशी वीस धरले तर विक्री दोन लाख दहा हजार!"

"वीस कुठून आले?" ताईनं विचारलं.

"मी गेलो असतो तर वीस तरी दिले असते."

ज्या माणसानं आयुष्यभर सुट्ट्यातलं शेवटचं नाणं प्रवाशानं आठवून मागितल्याशिवाय परत केलं नाही, तो स्वतः वीस देणार होता! पण पेन्सिल पुढे धावत होती. मालाचे साठ टक्के गेले, उरले चौऱ्याऐंशी हजार. गाळ्याचं भाडं अठरा, वीज तीन, मशीनची देखभाल पाच, एकूण सव्वीस. चौऱ्याऐंशीतून सव्वीस गेले.

"अठ्ठावन्न हजार," दाजींनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "दरमहा. पगारापेक्षा जास्त!"

चूक मला तिथंच दिसली होती. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभरात साठ माणसं आत येतात. त्यातले निम्मे स्क्रू घट्ट करून घ्यायला येतात आणि फुकट काच पुसून जातात. बसमध्ये चढला त्याला तिकीट काढावंच लागतं. दुकानात चढणारा बहुतेक फुकट्याच असतो. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण दाजींनी वीस वर्षं मला चारचौघांत "काचवाले" म्हणून हिणवलं होतं, आणि मला त्यांना तोंडावर आपटताना बघायचं होतं. मी म्हटलं, "वा दाजी, हिशोब चोख आहे."

ताईनं मापाची टेप गुंडाळून ठेवली.

मंगळवार ते शुक्रवार ती रोज वेगळ्या वेळी कचेरीपाशी गेली. एकदा सकाळी, दोनदा दुपारी, एकदा बंद व्हायच्या सुमारास. एकदा तर आत जाऊन पट्टी निवडायला तिनं पाऊण तास लावला आणि गल्ल्यापाशी कोण किती देतंय ते ऐकत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं. माझं काय काम, ते मला कळेना, पण तमाशा फुकट होता.

"अहो, तुम्ही आत जाणारी डोकी मोजलीत," ती म्हणाली. "मी बाहेर येणारे हात मोजले. हातात कागद असला तर गिऱ्हाईक. नाहीतर ते 'अमुक साहेब कुठे बसतात' एवढंच विचारायला गेलेलं."

दाजींनी पेन्सिल कानामागे सरकवली.

"अकरा ते एक कचेरीची खिडकी उघडी असते, तेव्हाच झुंबड. तीननंतर दुकानदार पेंगत होता. दिवसभरात खरी गिऱ्हाईकं एकशेवीस. कचेरी महिन्यात पंचवीस दिवस उघडी. झाले तीन हजार. आणि माणशी वीस नाही हो. मी तीस जणांचं ऐकलं, सगळे मिळून चारशेवीस झाले. म्हणजे चौदा."

"चौदा," दाजी पुटपुटले.

"तीन हजार गुणिले चौदा, बेचाळीस हजार. माल वजा केला की हाती सोळा हजार आठशे. खर्च सव्वीस हजार. महिन्याला नऊ हजार दोनशे खिशातून घालायचे. तेही सगळी गिऱ्हाईकं त्या दहा वर्षांच्या दुकानाला सोडून आपल्याकडे आली तर. नुसतं शून्यावर यायला रोज एकशे शहाऐंशी लागतील. आणि यात तुमचा पगार धरलेला नाही."

दाजींचा चेहरा उतरला. "मग मी दिवसभर करू काय?" ते म्हणाले. "घरात बसलो की वाटतं, मला कुठल्यातरी स्टॉपवर विसरून गेलेत." मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. पण जीभ आवरली नाही.

"दाजी, धंदा म्हणजे तिकीट फाडणं नव्हे," मी म्हटलं. "माझ्याकडे बघा. महिन्याला एकतीस हजार सुटतात."

"बरं झालं तूच बोललास," ताई म्हणाली आणि वहीचं पान उलटलं. "हातांचं मी तुझ्याच दुकानासमोर शिकले. मंगळवारी कचेरीपाशी जाईपर्यंत बसले होते समोर. साठ आत गेले, नऊ जण काहीतरी घेऊन बाहेर आले. ते असो. एकतीस हजार म्हणतोस, त्यात दुकानाचं भाडं धरलंस?"

"भाडं कसलं? बाबांचं दुकान आहे."

"शेजारचा तेवढाच गाळा गेल्या महिन्यात सोळा हजार भाड्यानं गेला. आणि दिवसभर तू उभा असतोस, त्या जागी माणूस ठेवलास तर पंधरा घेईल. सोळा आणि पंधरा?"

शाळेत माझं गणित चांगलं होतं, एवढंच सांगतो.

"एकतीस," दाजींनी माझ्या वतीनं उत्तर दिलं. "उरलं शून्य."

"आणि बाबांच्या दुकानात अर्धा वाटा माझा आहे," ताई शांतपणे म्हणाली. बाबा गेल्यापासूनच्या बारा वर्षांत तिनं हा विषय कधी काढला नव्हता, म्हणून मीही काढला नव्हता. लाजेनं माझे कान तापले. रागही आला, पण तो कोणावर काढावा ते सुचेना.

दाजींनी कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि नवीन पानावर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतही होते.

"कल्पना बारावी. भांडवल, शून्य. माल, शून्य. वीज, शून्य. विक्री, भाड्याच्या सोळा हजारांचे निम्मे, आठ हजार. नफा, दरमहा आठ हजार."

"आणि गिऱ्हाईकं किती धरलीत?" ताईनं विचारलं.

दाजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं, तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं.

"एक," ते म्हणाले. "पण हे नक्की चढलेलं आहे."

फंड बँकेतच राहिला. आता दर पाच तारखेला दाजी दुकानात येतात, आठ हजार मोजून घेतात, आणि जाताना स्क्रू घट्ट करून घेतात. फुकट.